आधीचा पगार विचारला तर: आकडा कधी, किती आणि कसा सांगावा

*ताई, मी नाशिकमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षांपासून टेस्टिंगचे काम करते. मॅन्युअल टेस्टिंगसाठी रुजू झाले होते. गेली दोन वर्षे ऑटोमेशनचे सगळे काम आणि तीन जणांची टीम माझ्याकडे आहे. पॅकेज मात्र सहा लाखांवर अडकले आहे, हातात ४१ हजार येतात. पगाराची फोड वेगळ्या कागदावर जोडली आहे. पुण्याच्या एका कंपनीतल्या जागेसाठी कन्सल्टन्सीतून फोन आला. बाई बोलायला चांगल्या होत्या, पण त्यांनी लगेच सध्याचा पगार विचारला आणि तीन महिन्यांच्या पे-स्लिप व्हॉट्सॲपवर मागितल्या. मी ‘नंतर कळवते’ म्हणून फोन ठेवला. अशा कामाला पुण्यात नऊ ते अकरा लाख मिळतात, असे मैत्रिणी सांगतात. त्या म्हणतात, आठ सांगून टाक. यजमान म्हणतात, खरे सांग, नाहीतर संधी जाईल. खरे सांगितले तर पुन्हा कमीच देतील आणि नाही सांगितले तर मी उद्धट वाटेन. काय उत्तर देऊ?*
*— एक वाचक, नाशिक*

प्रिय भगिनी,

त्या बाईंनी तुम्हाला एका दमात दोन गोष्टी विचारल्या, पगाराचा आकडा आणि त्याचे कागद. तिसरी, म्हणजे तुमची अपेक्षा, त्यांनी अजून विचारलेली नाही, पण ती विचारली जाणारच आहे. या तिन्हींना एकच उत्तर द्यायचे आणि ते आजच द्यायचे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. तुमची कात्री त्यातूनच तयार झाली आहे. या तिन्ही गोष्टी देण्याची वेळ वेगवेगळी असते. अपेक्षा सर्वांत आधी सांगता येते, आकडा तिच्या सोबत किंवा तिच्या पाठोपाठ जातो आणि कागद सगळ्यात शेवटी जातात. हा क्रम सांभाळलात, तर मैत्रिणींचा सल्लाही मानावा लागणार नाही आणि यजमानांचाही पूर्णपणे मानावा लागणार नाही.

आणखी एक गृहीतक तपासून पाहा. खरा आकडा कळला की समोरचा तुमची किंमत तेवढीच ठरवेल, ही तुमची भीती आहे. ती निराधार नाही. आपल्याकडे अनेक कंपन्या अजूनही जुन्या पगारावर टक्केवारी चढवूनच नवा पगार ठरवतात. पण तुमचे सहा लाख कशाचे आहेत, ते पाहा. मॅन्युअल टेस्टर म्हणून ठरलेल्या पगारावर वर्षावर्षाला चढलेल्या वाढीची ती बेरीज आहे. तुम्ही दोन वर्षांपासून करत असलेल्या कामाचा मोबदला नाशिकच्या कंपनीने मुळात ठरवलेलाच नाही. त्यामुळे आकडा कमी असण्याला सांगण्यासारखे, खरे आणि तक्रारीचा सूर नसलेले कारण तुमच्याकडे आहे. बऱ्याच उमेदवारांकडे ते नसते.

आठ लाख सांगण्याचा विचार आताच बाजूला ठेवा. भरतीच्या कामात मी बरीच वर्षे काढली आहेत आणि फुगवलेला आकडा कुठे उघडा पडतो, हे मला माहीत आहे. ऑफर देण्याच्या टप्प्यावर कंपनी पे-स्लिप आणि शेवटच्या पगारवाढीचे पत्र मागते. रुजू होताना पार्श्वभूमी तपासणारी त्रयस्थ संस्था जुन्या कंपनीच्या एचआरला विचारते. वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली, तर करकपातीच्या हिशोबासाठी नवी कंपनी आधीच्या नोकरीतील उत्पन्नाचे विवरण किंवा आपण ज्याला फॉर्म १६ म्हणतो तो दाखला मागते. यातल्या एका ठिकाणी जरी दोन लाखांची तफावत दिसली, तरी ऑफर मागे घेतली जाते. रुजू झाल्यानंतर दिसली, तर नोकरी जाऊ शकते, कारण बहुतेक नियुक्तिपत्रांत ‘दिलेली माहिती खोटी आढळल्यास’ या शब्दांचे एक कलम असते. तोपर्यंत तुम्ही नाशिकचा राजीनामा दिलेला असेल. पगार न सांगणे आणि खोटा सांगणे यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्याने फार तर एक संधी जाते, दुसऱ्याने दोन्ही नोकऱ्या जाऊ शकतात.

आता फोन करणाऱ्या बाईंच्या बाजूने थोडा विचार करू, कारण त्यांना काय हवे आहे हे कळले की उत्तराचा सूर आपोआप सापडतो. कन्सल्टन्सीला तिचे शुल्क कंपनीकडून मिळते आणि आपल्याकडे ते बहुधा उमेदवाराच्या वार्षिक पॅकेजच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पॅकेजएवढे असते. तुम्ही ७.८० लाखांवर रुजू झालात, तर त्यांना सुमारे ६५ हजार मिळतील, ९.५० लाखांवर झालात, तर सुमारे ७९ हजार. म्हणजे तुमचा पगार कमी राहावा, यात त्यांचा काहीच फायदा नाही. त्यांना भीती वेगळीच असते. उमेदवार कंपनीच्या बजेटबाहेरचा निघाला, किंवा ऑफर घेऊन जुन्या कंपनीकडूनच पगार वाढवून घेऊन बसला, तर त्यांची सगळी मेहनत वाया जाते. शिवाय कंपनीने त्यांना एक तक्ता भरायला दिलेला असतो: नाव, अनुभव, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पिरियड. एक रकाना रिकामा ठेवून तक्ता पुढे पाठवला, तर तो परत येतो. म्हणून त्यांचा प्रश्न तुम्हाला अडचणीत आणण्यासाठी आहे असे मानू नका. त्यांच्या रकान्यात भरता येईल असे काहीतरी त्यांच्या हाती द्या, म्हणजे त्या तुमच्या बाजूने बोलू लागतील. कंपनीच्या स्वतःच्या एचआरमधून फोन आला असता, तर गोष्ट थोडी वेगळी असती, कारण त्यांना बजेट वाचवायचे असते आणि त्याच हुद्द्यावरच्या इतरांच्या पगाराशी मेळही घालायचा असतो.

फोन करण्याआधी एक काम करा. नोकरीच्या संकेतस्थळांवरील तुमची प्रोफाइल उघडून तिथे सध्याचा पगार काय लिहिला आहे ते पाहा. भरती करणाऱ्यांना तो आकडा दिसतो आणि पगाराची चाळणी लावून ते याद्या काढतात. दोन-तीन वर्षांपूर्वी भरलेला साडेचार लाखांचा आकडा तिथे तसाच राहिला असेल आणि तुम्ही फोनवर सहा सांगितले, तर खरे बोलूनही तुमच्याविषयी शंका निर्माण होईल.

दुसरे काम तुमच्या फोडीच्या कागदाचे. तो मी नीट पाहिला. मूळ वेतन २२,०००, घरभाडे भत्ता ८,८०० आणि विशेष भत्ता १२,२०० मिळून महिन्याला ४३,००० होतात. त्यातून तुमच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की ४१,००० हातात येतात. वर्षाचे ४३,००० प्रमाणे ५,१६,०००. त्यात कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी २१,६००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे १२,७०० आणि व्हेरिएबल ५०,००० मिळवले की सहा लाखांचा सीटीसी होतो. मात्र मागच्या वर्षी व्हेरिएबलचे प्रत्यक्षात ३०,०००च मिळाले, असे तुम्ही कडेला लिहिले आहे.

हे इतक्या तपशिलाने मांडण्याचे कारण असे, की फोनवर घाईत ‘हातात ४१ हजार’ असे उत्तर देणारे उमेदवार फार असतात. समोरचा माणूस त्याला बाराने गुणतो आणि रकान्यात ४.९२ लाख लिहितो. म्हणजे खोटे न बोलता तुम्ही स्वतःचे एक लाखाहून अधिक कमी करून घेता आणि पुढची टक्केवारी त्या कमी आकड्यावर चढते. तुमचे अचूक उत्तर असे आहे: ‘सीटीसी सहा लाख, त्यात फिक्स्ड साडेपाच लाख आणि व्हेरिएबल पन्नास हजारांपर्यंत.’ फिक्स्ड आणि व्हेरिएबल नेहमी वेगळे सांगा. व्हेरिएबल किती मिळाले, असे कोणी विचारले, तर तीस हजार सांगा. पण न विचारता ते सांगण्याची गरज नाही. येत्या एप्रिलमध्ये वाढ मिळणार असेल, तर तिचे पत्र हातात असल्याशिवाय ती आकड्यात धरू नका.

आता फोनकडे वळू. तुम्ही ‘नंतर कळवते’ म्हणाला आहात, तेव्हा दोन-तीन दिवसांच्या आत स्वतःहून फोन करा. मौन फार लांबले, की ते नकारासारखे वाटते. पगाराच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी त्या जागेसाठी ठरलेली पगाराची मर्यादा विचारा. हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे अजिबात नाही. भरतीच्या कामातल्या लोकांना तो रोज ऐकावा लागतो आणि पुष्कळदा ते त्याचे सरळ उत्तर देतात. बोलणे इंग्रजीत होणार असेल, तर आशय तोच ठेवून शब्द तुमचे घ्या:

‘मॅडम, जागा मला आवडली आहे आणि माझे ऑटोमेशनचे काम तिच्याशी चांगले जुळते. दोघींचा वेळ वाया जाऊ नये म्हणून आधी विचारते: या जागेसाठी कंपनीने किती ते किती बजेट ठेवले आहे? माझी अपेक्षा साडेनऊ ते साडेदहा लाखांची आहे. ती बजेटमध्ये बसत असेल, तर आपण पुढे जाऊ.’

या तीन-चार वाक्यांत सध्याच्या पगाराविषयी एक शब्दही नाही, तरी प्रश्न टाळल्यासारखे वाटत नाही, कारण त्यांना खरोखर हवे असलेले, म्हणजे बजेटशी मेळ बसतो की नाही, ते तुम्ही देऊन टाकले आहे. यात अपेक्षेचा आकडा आधी ठेवला जातो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सहा लाख आधी ऐकलेल्या माणसाला साडेनऊ ही मोठी उडी वाटते. साडेनऊ आधी ऐकलेला माणूस सहा लाखांचे कारण विचारतो, आणि ते कारण तुमच्याकडे आहे. मात्र साडेनऊ हा आकडा केवळ मैत्रिणींच्या सांगण्यावर बेतू नका. त्याच साधनांवर काम करणाऱ्या, तेवढ्याच अनुभवाच्या आणि पुण्यातच असलेल्या दोन-तीन ओळखीच्या लोकांना स्पष्ट विचारा. ‘तुझा पगार किती’ असे न विचारता ‘अशा जागेला सध्या किती देतात’ असे विचारले, की लोक मोकळेपणाने सांगतात.

काही वेळा एवढ्यावर भागत नाही. ‘बजेट मला सांगता येणार नाही, आणि सध्याचा सीटीसी भरल्याशिवाय प्रोफाइल पुढे जात नाही,’ असे त्या म्हणतील. अशा वेळी दुसऱ्यांदा टाळणे माझ्या मते चुकीचे ठरेल. पुण्यातल्या नोकऱ्यांच्या बाजारात हा रकाना जवळपास सगळीकडे असतो, आणि नियोक्त्याने आधीचा पगार विचारू नये असा कायदा भारतात नाही. दुसऱ्यांदा नकार दिलात, तर त्या वाद घालणार नाहीत; यादीतले पुढचे नाव घेतील. तेव्हा आकडा द्या, पण तो एकटा जाऊ देऊ नका:

‘माझा सध्याचा सीटीसी सहा लाख आहे, त्यात साडेपाच फिक्स्ड. तो मॅन्युअल टेस्टर म्हणून ठरलेला आहे. दोन वर्षांपासून मी ऑटोमेशन आणि तीन जणांची टीम सांभाळते आहे आणि त्या कामाला धरून माझी अपेक्षा साडेनऊ ते साडेदहाची आहे. प्रोफाइल पाठवताना या दोन्ही गोष्टी सोबत लिहाल का?’

शेवटचे वाक्य विसरू नका. तक्त्यात बहुधा शेरा लिहायला जागा असते आणि कंपनीतल्या माणसापर्यंत तुमचे कारण पोचवण्याचा तो एकमेव मार्ग असतो. फोन संपला, की हाच मजकूर दोन ओळींच्या ईमेलमध्ये पाठवून द्या, म्हणजे त्यांना तो तसाच उतरवून घेता येईल. या बोलण्यात नाशिकच्या कंपनीविषयी नाराजीचा शब्द येऊ देऊ नका. ‘इथे कदर नाही’, ‘मालक वाढ देत नाहीत’ ही वाक्ये खरी असली, तरी ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते, की वाढ न देण्यामागे तुमच्या कामाचे काही कारण असेल का.

पगार न टाकता पुढेच सरकत नाही असा ऑनलाइन अर्ज समोर आला, तर काही जण त्यात शून्य किंवा एक लिहितात. मी तसे सुचवणार नाही. चाळणी लावणारी यंत्रणा तो अर्ज गाळून टाकू शकते, आणि अर्जाच्या खाली ‘वरील माहिती खरी आहे’ या वाक्यापुढे तुम्ही खूण केलेली असते. तिथे खरा सीटीसी भरा आणि सोबतच्या पत्रात किंवा शेऱ्याच्या चौकटीत कामातला बदल एका वाक्यात लिहा.

आता पे-स्लिपबद्दल. इथे मात्र मी तुम्हाला ठाम राहायला सांगेन. मुलाखतीही झालेल्या नसताना कन्सल्टन्सीला पे-स्लिपची गरज नसते. तीन महिन्यांच्या पे-स्लिपवर तुमचा पॅन, बँक खाते क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन आणि कर्मचारी क्रमांक एवढे सगळे असते. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल कोणाच्या फोनमध्ये किती वर्षे राहील, हे सांगता येत नाही. भरतीच्या नावाखाली कागद गोळा करणारे भामटेही कमी नाहीत. म्हणून आधी त्या कन्सल्टन्सीला खरोखर ही जागा भरायची आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावरची जाहिरात पाहून किंवा कंपनीच्या एचआरला एक ईमेल करून खात्री करून घ्या. आणि उमेदवाराकडून नोंदणीसाठी पैसे मागितले गेले, तर तिथेच थांबा. पे-स्लिप मागितल्यावर इतके सांगणे पुरेसे आहे: ‘कागदपत्रे द्यायला माझी काहीच हरकत नाही. मुलाखती होऊन ऑफरचा आकडा ठरला, की मी ती थेट कंपनीच्या एचआरच्या अधिकृत ईमेलवर पाठवीन.’ यात नकार नाही, फक्त वेळ आणि जागा तुम्ही ठरवली आहे. सभ्य कन्सल्टन्सी हे मान्य करते. त्यानंतरही कोणी पे-स्लिपसाठीच अडून बसले, तर मला त्या कन्सल्टन्सीविषयी शंका येईल.

ती वेळ आल्यावर कागद कसे द्यायचे, तेही सांगते. ऑफरचे पत्र तयार करण्याआधी कंपन्या कागद मागतात, हा आपल्याकडचा रिवाज आहे. तेव्हा पत्र हातात येईपर्यंत काहीच देणार नाही, हा आग्रह टिकत नाही. आकडा ईमेलवर लेखी ठरवून घ्या आणि मग कागद द्या. पे-स्लिपवरचा खाते क्रमांक आणि पॅन यांवर काळी पट्टी मारा आणि पट्टी मारली आहे, हे ईमेलमध्ये लिहा. फाइलला पासवर्ड घाला आणि तो वेगळ्या संदेशाने कळवा. पट्टी उघडपणे मारलेली असावी. आकड्यात मात्र एका रुपयाचाही फेरफार करू नका, कारण ते बनावट कागद करणे ठरते. बँकेचे सहा महिन्यांचे विवरण मागितले, तर फक्त पगार जमा झाल्याच्या नोंदी दाखवा. तुमचे बाकीचे व्यवहार पाहण्याचे त्यांना काही कारण नाही. आणि एकदा तुमच्या नियुक्तिपत्रावर नजर टाका. पगाराचा तपशील बाहेर सांगू नये, असे कलम काही कंपन्या घालतात. ते असेल, तर मुलाखतीआधी कागद न देण्याचे सभ्य कारण तुम्हाला तिथेच मिळेल.

समजा, मुलाखती चांगल्या झाल्या आणि एचआरकडून फोन आला: ‘सहावरून साडेनऊ म्हणजे अठ्ठावन्न टक्के हाईक होते. आमच्या पॉलिसीत तीस टक्क्यांहून जास्त बसत नाही.’ हे वाक्य तुम्ही ऐकणार, असे धरूनच चला. इथे टक्केवारीवर वाद घालू नका, कारण टक्के मान्य केले, की पायाही मान्य केल्यासारखे होते. बोलणे पुन्हा जागेकडे आणा: ‘तुमची अडचण मला समजते. पण टक्के आधीच्या वेगळ्या कामावर मोजले जात आहेत. या जागेवर याच अनुभवाच्या माणसाला तुम्ही काय देता, तो आकडा मला सांगाल का? त्याच्या जवळपास आलात, तर मी होकार द्यायला तयार आहे.’ पॉलिसीला अपवाद करण्याचा अधिकार फोनवरच्या व्यक्तीकडे सहसा नसतो. त्यासाठी ज्यांच्या हाताखाली तुम्ही काम करणार त्या व्यवस्थापकाला लिहून द्यावे लागते. म्हणून त्या व्यवस्थापकाशी झालेल्या मुलाखतीत तुम्ही ऑटोमेशनने काय बदलले, हे नेमके सांगितलेले असायला हवे. रिग्रेशन चाचणीला आधी किती दिवस लागायचे आणि आता किती लागतात, एवढे एक उदाहरण पुरे. पगाराची बोलणी खरे तर त्याच खोलीत जिंकली किंवा हरली जातात.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी थोडक्यात. ज्यांचा सध्याचा पगार बाजाराच्या बरोबरीचा किंवा वरचा आहे, त्यांनी तो पहिल्याच फोनवर सांगावा; त्यांना लपवण्यात तोटाच आहे. एका सरकारी सेवेतून दुसऱ्या सेवेत जाताना वेतन संरक्षण हवे असेल, तर शेवटच्या वेतनाचा दाखला द्यावाच लागतो आणि तो देण्यात फायदाही उमेदवाराचाच असतो. परदेशात अर्ज करणाऱ्यांनी तिथला नियम पाहावा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून नियोक्त्याला उमेदवाराचा आधीचा पगार विचारता येत नाही, मात्र अपेक्षा विचारता येते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकता निर्देशातही उमेदवाराला आधीचा पगार विचारण्यास मनाई आहे आणि सदस्य देशांना आपले कायदे त्याप्रमाणे करण्यासाठी जून २०२६ पर्यंतची मुदत दिलेली आहे. तिथे ‘मी अपेक्षेविषयीच बोलू इच्छिते’ एवढे नम्र वाक्य पुरते.

आता वाईटात वाईट शक्यतेचा हिशोब करून ठेवू. कंपनी सहावर तीस टक्के, म्हणजे ७.८० लाखांवरच अडली, असे समजा. मूळ वेतन पॅकेजच्या निम्मे, भविष्य निर्वाह निधी पूर्ण मूळ वेतनावर बारा टक्के आणि व्हेरिएबल दहा टक्के, ही मोठ्या कंपन्यांतली नेहमीची मांडणी धरली, तर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा ४६,८००, ग्रॅच्युइटी सुमारे १८,८०० आणि व्हेरिएबल ७८,००० वजा जाऊन महिन्याला सुमारे ५३,००० उरतात. त्यातून तुमचा भविष्य निर्वाह निधी ३,९०० आणि व्यवसाय कर गेला, की हातात साधारण ४८,९०० येतील. सध्याच्या करप्रणालीत या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही, हे धरून हा आकडा आहे. म्हणजे कागदावर तीस टक्के वाढ, पण हातात महिना आठ हजारांच्या आसपास. भविष्य निर्वाह निधीत अधिक जमा होईल हे खरे, पण नाशिकचे घर सोडून पुण्यात भाड्याने राहायचे असेल, तर हे आठ हजार त्यातच जातील. याच मांडणीने साडेनऊ लाखांवर हातात सुमारे ५९,६०० येतात. हे दोन आकडे कागदावर लिहून यजमानांसमोर ठेवा. ‘संधी जाईल’ असे ते म्हणतात ती संधी कोणत्या आकड्याला संधी आहे, हे तुम्ही दोघांनी फोन करण्याआधीच ठरवून ठेवलेले बरे.

तुमची स्वतःची किमान मर्यादा समजा साडेआठ लाख ठरली आणि कंपनी त्याखालीच राहिली, तर नकार द्या. एचआर सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार करण्याचे आश्वासन देईल. ते ऑफरच्या पत्रात तारखेसह लिहून मिळत असेल, तरच हिशोबात धरा. तोंडी दिलेले आश्वासन देणारा माणूसच सहा महिन्यांत नोकरी बदलून गेलेला असतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. जॉइनिंग बोनस देऊ केला, तर तो एकदाच मिळतो आणि वर्षाच्या आत सोडल्यास बहुधा परत करावा लागतो. शिवाय पुढच्या नोकरीत पुन्हा हाच प्रश्न आला, तर उत्तर कमी फिक्स्डवरूनच सुरू होते. म्हणून घासाघीस करायचीच, तर बोनस सोडून फिक्स्ड वाढवून मागा.

आणि नाशिकच्या कंपनीला यातले काहीच सध्या कळू देऊ नका. ऑफरचे पत्र हातात येऊन, त्यातला फिक्स्ड आणि व्हेरिएबलचा तपशील ईमेलवर ठरलेल्या आकड्याशी ओळीने जुळवून पाहिल्यावरच राजीनामा द्या. कन्सल्टन्सीच्या बाई नोटीस पिरियड लवकर सुरू करण्याची घाई करतील, तेव्हाही हेच उत्तर द्या: पत्र आले, की त्याच दिवशी राजीनामा देते.